मेणाचं जाकीट मशीनमध्ये का टाकायचं नाही, आणि कुणी टाकलंच असेल तर काय करायचं

गेल्या ऑक्टोबरात न्यूकॅसलजवळच्या एका गावातल्या धर्मादाय दुकानात मला मेणाचं, म्हणजे मेण मुरवलेल्या सुती कापडाचं, एक जुनं जाकीट अठरा पौंडांना मिळालं. शेवाळी हिरवा रंग, तपकिरी कॉर्ड्युरॉयची कॉलर, आत चौकड्यांचं सुती अस्तर. असं नवं जाकीट घ्यायचं तर दहापट पैसे तरी पडतात. मी खुशीत घरी आणलं, दारामागच्या खुंटीला लावलं, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की त्याला वास छान येतोय. पाल खरं तर तिथेच चुकचुकायला हवी होती. मेणाच्या जाकिटाला छान वास येत नाही. मेणबत्ती, थोडं रॉकेल आणि कधीकाळी भिजलेला कुत्रा असा त्याचा वास असतो. माझ्या जाकिटाला लॅव्हेंडरचा वास येत होता.

शेजारचे आजोबा सत्तरीपुढचे आहेत आणि त्यांचं स्वतःचं जाकीट माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. त्यांनी हात लावून पाहिला, बाहीवर नखानं एक रेघ ओढली, रेघ उठलीच नाही. मग नळाखाली बोट ओलं करून खांद्यावर एक थेंब सोडला. थेंब दोन सेकंद थांबला आणि कापडात दिसेनासा झाला. “धुतलंय कुणीतरी,” ते म्हणाले. घरात कुणी गेल्यावर बोलतात तसा त्यांचा आवाज होता.

या लेखात त्या जाकिटाचं पुढे काय केलं ते पायरीपायरीनं सांगते. पण आधी मेण कापडात नेमकं काय करतं ते कळायला हवं, नाहीतर पायऱ्या नुसत्या पाठ होतात आणि अडलं की काय करायचं ते सुचत नाही.

अळवावरचं पाणी

पावसात अळूचं पान पाहिलंय ना? पाणी पडतं, त्याचे गोळे होतात, पान जरा हललं की घरंगळून जातात, आणि पान कोरडंच. त्या पानावर मेणाचा अतिशय बारीक, खडबडीत थर असतो. पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ जास्त आणि मेणाची जवळजवळ नाहीच, म्हणून पाणी पसरण्याऐवजी स्वतःला आवळून गोल होतं.

सुती कापडाचं याच्या नेमकं उलट. कापसाच्या तंतूला पाण्याची भारी ओढ. कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं धाग्याधाग्यांमधल्या फटींतून पाणी आपोआप आत ओढलं जातं. आता तेच घट्ट विणलेलं कापड पातळ केलेल्या गरम मेणातून काढलं, की मेण प्रत्येक तंतूभोवती बसतं आणि फटींमध्येही शिरतं. फट तिथेच असते, पण तिच्या भिंती आता पाण्याला आवडत नाहीत. पूर्वी जी फट पाणी आत खेचायची, तीच आता त्याला बाहेर ढकलते, आणि आत घुसायला पाण्याला जोर लावावा लागतो. साध्या पावसाच्या थेंबात तेवढा जोर नसतो. पिशवीचा पट्टा खांद्यावर दाबून बसला असेल किंवा तुम्ही ओल्या बाकावर बसलात, तर असतो. म्हणून मेणाचं जाकीट खांद्याला आणि बुडाला आधी गळतं.

यातून एक गोष्ट निघते जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मेण हे कापडावर चढवलेलं रंगासारखं पापुद्र्याचं आवरण नाही. ते कापडाच्या आत असतं, आणि ते घट्ट झालेलं नसतं. जाकिटाला लावायचं मेण मेणबत्तीपेक्षा मऊ असतं. पॅराफिनमध्ये तेलकट भाग मिसळून ते मुद्दाम असं केलेलं असतं, म्हणजे थंडीत कापड वाकलं तरी तडकू नये. त्यामुळे ते अंगाच्या उबेनं थोडं थोडं सरकत राहतं, कोपराच्या घड्यांतून निघून जातं, घासल्या जागी कमी होतं. वर्ष-दोन वर्षांनी ते पुन्हा भरावं लागतं, आणि भरता येतं, हीच त्याची गंमत. पापुद्रा निघाला की रेनकोट फेकावा लागतो. मेण संपलं तर पुन्हा घालता येतं.

ऑइलस्किन म्हणजे वेगळं

दुकानदार मेणाच्या सुती कापडाला आणि ऑइलस्किनला एकाच नावानं विकतात, आणि आज बाजारात मिळणारं बरंचसं “ऑइलस्किन” खरोखरच मेण आणि तेलाच्या मिश्रणाचं असतं. पण मूळची गोष्ट निराळी आहे. शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी पाहिलं की ओलं शीड वारा नीट धरतं पण फार जड होतं. म्हणून शिडांना जवसाचं तेल लावायला लागले, आणि फाटक्या शिडांचे अंगरखे शिवायला लागले. न्यूझीलंडमध्ये एडवर्ड ल रॉय यानं १८९८ च्या सुमारास असेच जुन्या शिडाच्या कापडाचे, जवसाचं तेल आणि मेण लावलेले कोट केले.

जवसाचं तेल मेणासारखं नुसतं बसून राहत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि कातडीसारखा पापुद्रा तयार होतो. तैलरंगाचं चित्र सुकतं ते याच क्रियेनं. त्यामुळे खरं ऑइलस्किन पाणी अगदी पक्कं अडवतं, पण ते पिवळं पडतं, थंडीत पत्र्यासारखं कडक होतं आणि घडीवर तडकतं. याच त्रासामुळे १९२० ते १९४० च्या दरम्यान ब्रिटनमध्ये जवस मागे पडून पॅराफिनचं मेण पुढे आलं. साउथ शील्ड्सची बार्बर कंपनी १८९४ पासून उत्तर समुद्रावरच्या खलाशांना आणि गोदीकामगारांना तेलकट कपडे पुरवत होती. १९३६ मध्ये तिनं मोटारसायकलवाल्यांसाठी मेणाच्या सुती कापडाचा सूट काढला. राजघराणं त्यानंतर बऱ्याच काळानं आलं.

हा फरक माहीत असणं कामाचं आहे. ऑइलस्किनच्या जुन्या कोटाला जवसाचं तेल लावत असाल तर तेलाचं फडकं कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आतल्या आत तापतं आणि खरोखर पेट घेतं. फडकं उघडं पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. पॅराफिनच्या मेणाला हा धोका नाही. इथून पुढे मी मेणाबद्दलच बोलते आहे.

मशीनमध्ये नेमकं काय होतं

घरात अळू असेल तर एक खेळ करून पाहा. पानावर साध्या पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा पळेल. आता वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब मिसळा आणि त्यातला एक थेंब दुसऱ्या पानावर सोडा. हा थेंब पळत नाही, पान धरून पसरतो. पान तेच, मेण तेच. पाण्याचा स्वभाव बदलला.

साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. कपड्यांवरचं वरणाचं बोट, अंगाचा तेलकटपणा, सायकलच्या चेनचं ग्रीस, या सगळ्याला ते दुसरं टोक धरतं, चहूबाजूंनी वेढतं आणि पाण्यात ओढून नेतं. मेण हीदेखील साबणाच्या दृष्टीनं घाणच. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजले ती चिकटाई आणि डिझेलचा डाग यांत फरक करण्याची त्याच्याकडे काहीच सोय नाही. शिवाय वॉशिंग मशीन त्याला मदत करतं. चाळीस अंशांच्या पाण्यात आधीच मऊ असलेलं मेण आणखी ढिलं पडतं, ड्रमची उलथापालथ त्याला तंतूंवरून खरवडते, आणि शेवटचं जोरात पिळणं ओल्या कापडाला अशा घड्या घालतं की तिथलं उरलंसुरलं मेण तडकून पांढऱ्या रेघा पडतात.

“मग थंड पाण्यावर, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर?” हा प्रश्न मला पुण्याच्या मावसबहिणीनं विचारला. उष्णता हा त्रासाचा एक भाग झाला, आणि तोही सगळ्यात लहान. साबण आणि घासणं उरतंच. पावडर न घालता नुसत्या थंड पाण्यात फिरवलं तर? ड्रमच्या आतल्या खणात आणि नळीत मागच्या धुण्यांचा साबण बसलेला असतोच, आणि आपटणं चुकत नाही. उलट पुढचे दोन-तीन वेळचे कपडे मेणचट निघतील ते वेगळंच. मेण ड्रमला आणि रबराच्या कड्याला लागून राहतं.

पण खरी फसगत मेण जाण्यात नाही. मेण गेलं तर परत लावता येतं. फसगत आहे ती मागे राहणाऱ्या साबणाची. जाड, घट्ट विणीच्या, अजून थोडं मेण असलेल्या कापडातून साबण खळखळून निघत नाही. तो तंतूंत दडून बसतो आणि पुढच्या पावसात पुन्हा विरघळतो, म्हणजे जाकीट स्वतःच स्वतःसाठी साबणाचं पाणी तयार करतं. वरून नवं मेण लावलं तरी ते साबणावर बसतं, कापडाला नीट धरत नाही, आणि महिन्याभरात ठिपक्याठिपक्यांनी गळायला लागतं. “मी मेण लावलं तरी गळतंच” अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचं जाकीट कधीतरी मशीनमधून गेलेलं असतं, हा माझा अंदाज.

ड्रायक्लिनिंग त्याहून वाईट. तिथलं रसायन ग्रीस विरघळवण्यासाठीच असतं, त्यामुळे मेण पूर्ण जातं. आणि कपडे वाळवायच्या गरम यंत्रात तर मेणाचं काही टाकूच नका; तेल-मेण मुरलेलं कापड तिथे आगीला आमंत्रण आहे.

एक अपवाद सांगायला हवा. आजकाल मेणासारखं दिसणारं पण मेण नसलेलं, किंवा धुता येईल अशा प्रक्रियेचं कापडही विकतात. आतलं लेबल वाचा. तिथे पाण्याच्या बादलीच्या चित्रावर फुली असेल तर विषय संपला.

जाकीट धुतलेलं आहे हे कसं ओळखायचं

वास झाला. दुसरं म्हणजे नख. चांगल्या मेणाच्या कापडावर नखानं रेघ ओढली की फिकट ओरखडा उठतो आणि तळहात चोळला की तो जिरतो. रेघच उठत नसेल तर मेण नाही. तिसरं, अस्तर बघा. बाहेरचं कापड आणि आतलं सुती अस्तर पाण्यात सारखं आटत नाहीत, त्यामुळे धुतलेल्या जाकिटाच्या काठाशी अस्तर ओढल्यासारखं दिसतं, खालची शिवण वर वळते. माझ्या जाकिटाच्या डाव्या बाजूला बोटभर असा झोळ होता. आणि शेवटी थेंब. एकाच जागी टाकू नका. खांदा, बाही, पाठ, खिशाची पट्टी असे पाच-सहा थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. नुसतं जुनं झालेलं जाकीट खांद्याला आणि कोपराला पितं, पाठीवर थेंब उभे राहतात. धुतलेलं जाकीट सगळीकडे सारखंच पितं.

रोजची स्वच्छता

नवं किंवा धडधाकट जाकीट असेल तर त्याला मुळात फार काही लागत नाही. चिखल लागला तर लगेच पुसायला जाऊ नका, त्यानं तो मेणात रेटला जातो. वाळू द्या, मऊ ब्रशनं झटका, मग थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजनं पुसा. थंड म्हणजे थंडच, कोमट नाही, आणि साबण अजिबात नाही. कॉलरच्या आतून मळ बसला असेल तर तेवढ्या कॉर्ड्युरॉयला आणि अस्तराला चांगल्या पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसता येतं. पावसातून आल्यावर हँगरला लावून हवेशीर जागी सुकू द्यायचं. हीटरवर टाकलेलं मी पाहिलंय. मेण वितळून हीटरच्या पट्ट्यांच्या आकाराचे गडद पट्टे पाठीवर उमटले होते.

वासाचं काय? खरं सांगते, वास पूर्ण जात नाही. वाऱ्याच्या कोरड्या दिवशी दिवसभर बाहेर टांगलं की अर्धा जातो, उरलेल्याची सवय होते.

धुतलेलं जाकीट परत आणणं: माझे तीन दिवस

पहिल्या दिवशी सगळा साबण बाहेर काढायचा होता. इथे गंमत अशी की ज्या जाकिटाला पाण्यात बुडवायचं नसतं, तेच बुडवावं लागतं. न्हाणीघरातला टब आधी साध्या पाण्यानं नीट धुतला, त्यात थंड पाणी भरलं, चेन उघडी ठेवून आणि खिसे उलटे करून जाकीट बुडवलं आणि तळहातांनी हलकेच दाबत राहिले. घासायचं नाही, पिळायचं नाही. दहा मिनिटांत पाणी चहासारखं झालं. ते सोडलं, नवं भरलं.

साबण संपला हे कसं कळणार? लोणच्याच्या स्वच्छ बरणीत टबातलं अर्धी बरणी पाणी घेतलं, झाकण लावून दहा वेळा जोरात हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. पहिल्या पाण्याला दोन बोटं फेस आला आणि तो बसेना. तिसऱ्या पाण्याला कडेनं बुडबुड्यांची माळ राहिली. पाचव्या पाण्याचे बुडबुडे हलवणं थांबताच फुटले, नळाच्या पाण्याचे फुटतात तसेच. शंका असेल तर शेजारी नळाच्या पाण्याची दुसरी बरणी हलवून ताडून पाहा. पाच वेळा पाणी लागलं. तुम्हाला तीन लागतील किंवा आठ. फेस आहे तोवर पुढे जाऊ नका, मेणाचा डबा फुकट जाईल.

मग न पिळता रुंद हँगरवर टबावरच निथळत ठेवलं आणि रात्री खिडकी किलकिली ठेवून खोलीत हलवलं. जाड शिवणी आणि खिशांचे तळ सुकायला पूर्ण दुसरा दिवस गेला. घाई करू नका. ओल्या कापडात मेण शिरत नाही, आणि आत कोंडलेली ओल म्हणजे बुरशी. तो दिवस मी सुईदोऱ्याच्या कामाला वापरला: कोपराजवळ एक फाटलेलं होतं, त्याला आतून ठिगळ लावलं. ठिगळं मेणाच्या आधी लावायची, नंतर सुई चिकटते आणि चिकटवायच्या पट्ट्या तर धरतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मेण. जाकिटांसाठीचंच मेण घ्या, २०० मिलिलिटरच्या आसपासचा डबा मिळतो. कमरेच्या थोडं खाली येणाऱ्या जाकिटाला, नेहमीच्या वार्षिक कामासाठी, साधारण एक डबा पुरतो. माझ्या पूर्ण कोरड्या पडलेल्या कापडानं दीड डबा प्यायला. मेणबत्त्या वितळवून काम भागवायचा मोह आवरा. ते मेण कडक असतं, पहिल्याच थंडीत घड्यांवर पांढरं पडून सोलतं. बुटांची पॉलिशही नको.

टेबलावर रद्दीचा जाड थर घातला आणि खोली चांगली उबदार केली, कारण गार खोलीत मेण फडक्यावरच थिजतं. पातेल्यात उकळतं पाणी घेऊन गॅस बंद केला आणि झाकण काढलेला डबा त्यात उभा ठेवला. पाणी डब्यात उडणार नाही इतपतच भरायचं. डबा थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. वीसेक मिनिटांत मेण तुपासारखं पारदर्शक झालं. काम चालू असताना ते पुन्हा दाट होत जातं, तेव्हा पातेल्यातलं पाणी दोन-तीनदा बदलावं लागतं.

जुन्या सुती गंजीचा तुकडा घडी करून मेणात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला, आणि पाठीच्या वरच्या भागापासून सुरुवात केली. एका वेळी वीतभर चौरस, गोल गोल दाबून. पहिल्या फटक्यात माझा हात जड पडला आणि डांबरासारखा काळा ठिपका उठला. बरोबर लागलेलं मेण ओल्या कापडासारखं एकसारखं गडद दिसतं, चमकत नाही. शिवणींना, खांद्याला, कोपराच्या घड्यांना आणि खिशाच्या पट्टीच्या वरच्या कडेला दोनदा हात द्यायचा, पाऊस तिथूनच येतो. कॉर्ड्युरॉयची कॉलर, अस्तर, हात घालायच्या खिशांची आतली बाजू आणि चेन यांना मेण लागू द्यायचं नाही.

एक भाग झाला की लगेच हेअर ड्रायर, गरम हवेवर, बोटभर अंतरावरून, सतत हलवत. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोकांनी सगळ्यात जास्त टाळलेला टप्पा. फडक्यानं लावलेलं मेण वरच थिजलेलं असतं, त्यावर पांढुरक्या रेघा दिसतात. गरम हवा लागली की त्या रेघा आधी ओल्या चमकतात, मग एकदम नाहीशा होतात, म्हणजे मेण खाली धाग्यांत उतरलं. जिथे चमक राहते तिथे मेण जास्त झालंय, ते कोरड्या फडक्यानं टिपून शेजारच्या कोरड्या भागावर फिरवा. माझा तो डांबरी ठिपका असाच निघाला.

बाह्या करताना आत गुंडाळलेला टॉवेल घातला की कापड ताठ राहतं. एकूण अडीच तास लागले, आणि धुतलेलं कापड असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पातळ हात दिला. नेहमीच्या जाकिटाला एकच पुरतो. मग दोन दिवस उबदार खोलीत, दुसऱ्या कपड्यांपासून लांब टांगलं. पहिला आठवडाभर ते हाताला चिकट लागतं. तेवढे दिवस फिक्या रंगाच्या सोफ्यावर, कुणाच्या गाडीच्या सीटवर आणि विशेषतः साडी नेसलेल्या पाहुणीच्या मिठीत जाऊ नये.

हे सगळं करायचं नसेल तर ही जाकिटं करणाऱ्या काही कंपन्या ती परत घेऊन दुरुस्त करतात आणि मेण लावून देतात. पैसे पडतात, पण भारी जाकीट असेल तर ते बरं. मात्र पाठवताना मशीनमध्ये धुतलं होतं हे लपवू नका.

मुंबई-पुण्याला नेलं तर

मावसबहिणीचा मूळ प्रश्न असा होता की तिच्या मुलाला बुलेटवर घालायला असं जाकीट पाठवू का. मी नको म्हटलं. हे कापड रिमझिम, वारा आणि दहा अंशांच्या थंडीसाठी आहे. आपला जुलैचा पाऊस तासन्‌तास, वेगात, समोरून येतो, आणि मोटारसायकलवर तर त्याचा दाब आणखी वाढतो. फटींतून पाणी आत घुसायला जो जोर लागतो म्हटलं, तो तिथे मिळतो. त्यात मेणाच्या कापडातून घामाची वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणजे आतून भिजणार ते भिजणारच. घाटमाथ्यावर डिसेंबरात वारा अडवायला हरकत नाही.

ज्यांनी परदेशातून आणलंच आहे त्यांना दोन सूचना. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका, पहिल्याच पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी धरेल. सुती चादरीत सैल गुंडाळा, अधूनमधून कोरड्या दिवशी बाहेर टांगा. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन ब्रशनं झटका, पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून स्पंजनं पुसा, सावलीत पूर्ण वाळवा, आणि तेवढ्या जागेला मेण लावा. दुसरं, मे महिन्यात ते गाडीच्या मागच्या सीटवर सोडू नका. बंद गाडीत मेण वितळून सीटमध्ये उतरेल, आणि मग तुम्हाला हा लेख सीटसाठी पुन्हा लिहावा लागेल.

माझं जाकीट? फेब्रुवारीत टाईन नदीच्या काठानं दीड तास पावसात चालले. पाठ आणि बाह्या कोरड्या राहिल्या, थेंब अळवावरच्यासारखे घरंगळत होते. डाव्या खांद्याच्या शिवणीतून मात्र रुपयाएवढी ओल आत आली, जिथे पिळण्याची ती पांढरी रेघ आहे. ती रेघ तीनदा मेण लावूनही गेलेली नाही. तंतूच तुटलेत तिथे. अस्तराचा झोळही तसाच आहे. आजोबांनी पुन्हा नख ओढून पाहिलं, ओरखडा उठला, तळहातानं जिरवला, आणि म्हणाले की खांद्याला पुढच्या सप्टेंबरात आणखी एक हात दे. डब्यात अर्धं मेण उरलंय, झाकण घट्ट लावून ठेवलंय.